चहाच्या गाण्याबद्दल, आई-बाबांना

मडगाव

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचे पत्र रागाने वाचणार नाही. चवथीला तुमचे चहाचे गाणे होणार, पण दादऱ्यात नाही, रूपकात. पट्टीही पांढरी दोनवरून पांढरी एकवर आणली आहे. तबलजींना तसे कळवून झाले.

विचारायला हवे होते, ते चुकलेच. पण कारण ऐका. दादरा सहा मात्रांचा आणि झोके घेणारा. त्यात मुलगी पाहायला आलेली माणसे पहिल्याच ओळीपासून खुशीत वाटतात. रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन, आणि त्याची समच ‘खाली’वर येते. जिथे जोर पडेल असे वाटते, तिथे हात मोकळा जातो. पहिल्यांदा समोर बसलेल्या दोघांचे बोलणे असेच तर असते. शिवाय तुमचेच शब्द त्यात नेमके बसतात. ‘चहा घ्या ना’: चहा तीन, घ्या दोन, ना दोन. ‘गरम आहे’, ‘कमी साखर?’, ‘बरी आहे’, सगळे सातच. एकही अक्षर ओढावे लागत नाही.

अडली ती एकच ओळ, ‘तुम्हांला गाणे आवडते का’. मोजा, सतरा मात्रा होतात. दोन आवर्तनांच्या चौदांत ती कोंबायची तर गाणारा धावतो, आणि विचारपूस उलटतपासणीसारखी ऐकू येते. तिथे ‘कधी गाता?’ एवढेच ठेवले आहे. आई, ती ओळ कोणाची ते मला ठाऊक आहे. वहीतून खोडलेली नाही, नुसती कंसात घातली आहे.

खरे काम शांततेचे आहे. प्रत्येक प्रश्नानंतर एक पूर्ण आवर्तन कोणी गायचे नाही, नुसता ठेका. मिनिटाला ८४ मात्रांच्या लयीत ती सात मात्रांची जागा पाच सेकंदांची होते. अवघडलेपण कळायला तेवढी पुरते. दोन आवर्तने थांबलो तर गायक शब्द विसरला असे लोकांना वाटते, म्हणून दहा सेकंदांची शांतता एकदाच, शेवटच्या उत्तराआधी. या जागा पेटीने भरायच्या नाहीत, तबल्याने तिहाई घ्यायची नाही. फक्त चौथ्या मात्रेवर, पहिल्या टाळीला, चमचा कपाला लागल्याचा आवाज. तो आईने काढायचा. काचेचा कप नको, आवाज तीक्ष्ण येतो. कपाटातला चिनीमातीचा घे, कान तुटलेला तोच.

चालीतही थोडे बदलले आहे. प्रश्न पंचमावर सोडायचा, उत्तर गंधारावर. षड्जावर कोणी यायचे नाही, नाहीतर बोलणे तिथेच मिटते आणि पुढची शांतता नुसती विश्रांती होते. शेवटचे ‘गोड झाला’ तेवढे सरळ षड्जावर. तेही सातच मात्रांचे, बाबा. किती सुंदर लिहिले आहे तुम्ही!

आता घुमट. रागावू नका, काढलेले नाही, शेवटी नेले आहे. त्याचा गुमका मातीच्या पोटात रेंगाळतो. डाव्या तळव्याने तोंड दाबले तरी शांततेत थोडा उरतोच. ‘गोड झाला’नंतर आतली माणसे बाहेर येतात, तिथे आरतीच्या ठेक्यात घुमट, शामेळ, कांसाळे सगळे एकदम येऊ दे. तुम्ही ते बसून वाजवा, गळ्यात अडकवून उभे राहायचे नाही. भाद्रपदाच्या दमटपणात चामडे सैल पडेल. ते चुलीपासून हातभर लांब ठेवून उबवा. जवळ नेले तर कडेला फाटते.

पट्टी उतरवली ती मात्र तुमच्या छातीसाठी. वरचा षड्ज आता ओढून लावावा लागणार नाही. शांततेची पाच सेकंदे तुमच्या श्वासाची आहेत. पहिल्या तीन मात्रांत सोडा, मग नाकाने सावकाश घ्या, रोखून धरू नका. तुमची लय चढते, हे आई सांगेलच. घड्याळ लावून दहा आवर्तने म्हणा. पन्नास सेकंद लागले पाहिजेत. पंचेचाळीसात झाली तर आधी शांतताच आखडलेली असते.

हातांची खुर्ची बाल्कांवात आणून ठेवली आहे, माटोळीसमोर वारा येईल अशी. थर्मासमध्ये कोमट पाणी असेल. पेज वेळेवर घ्या, गोळ्या पेजेनंतरच. सराव दिवसाला वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही, आणि रात्री मुळीच नाही. आई, तू त्यांच्यासमोर बसून म्हण, म्हणजे ते घाई करत नाहीत. आणि ‘कमी साखर?’ विचारताना हसू नकोस. तुला जमणार नाही, तरी सांगते.

मी चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचते. कप तोवर धुवून ठेव.

तुमची,
बाय