खुलं पत्र: ट्रॉमा थेरपीच्या खोलीत मुकादम नको, शिकवलेला दुभाषी द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्याच्या आसपास बांधकामावर काम करणाऱ्या परराज्यातल्या मजुरांसोबत काम करते. मागणी मुळात शिकवलेल्या दुभाष्याची आहे, पण ती नीट कळायला खोलीच्या आत काय होतं ते सांगावं लागेल, म्हणून पत्र थोडं लांबलंय.

एका बाईंची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. झारखंडच्या, संथाळी बोलणाऱ्या, वय पंचविशीचं. साइटवर स्लॅब कोसळला, नवरा त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. त्यानंतर झोप नाही, मिक्सर सुरू झाला की अंग थरथरतं, जिना चढता येत नाही. त्यांना एका सरकारी दवाखान्यात नेलं ते मुकादमाने, आणि तिथे डॉक्टर आणि बाईंच्या मध्ये बोलला तोही मुकादमच. बाई बराच वेळ बोलल्या आणि मुकादमाने सांगितलं, "कुछ नहीं साब, गाव जाना है बोलती है." झोपेच्या गोळ्या मिळाल्या, केस संपली. आता विचार करा साहेब, त्या अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा उभा राहायचा होता आणि स्लॅबखाली टेकू किती होते, सुटी मागितल्यावर कोण काय म्हणालं हे सगळं त्या बाईंना माहीत होतं. ज्या माणसाच्या ठेकेदाराविरुद्ध ती साक्ष जाऊ शकते त्याच माणसाच्या तोंडून आपण तिची हिस्टरी घेत होतो.

यावर नेहमी एकच उत्तर मिळतं, की "तिला हिंदी येतं की". येतं, साइटपुरतं येतं. माल आण, पाणी मार, हाजिरी किती झाली, एवढं. नवरा ढिगाऱ्याखाली असताना काय दिसलं, काय ऐकू आलं, आपण काय करायला हवं होतं असं वाटतं, हे त्या हिंदीत येत नाही. आणि ट्रॉमाची थेरपी नेमकी त्याच तपशिलांवर चालते.

आम्ही नॅरेटिव्ह एक्सपोजर थेरपी वापरतो. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या लोकांनी ती युद्ध आणि छळ सोसलेल्या निर्वासितांसाठी तयार केली. जमिनीवर दोरी मांडायची, ती म्हणजे आयुष्य, चांगल्या प्रसंगांना फुलं ठेवायची, वाईट प्रसंगांना दगड. मग जन्मापासून क्रमाने पुढे जायचं आणि दगड आला की थांबून तो प्रसंग बारीकसारीक तपशिलांसकट परत सांगायचा, म्हणजे विखुरलेली आठवण एका जागी, एका तारखेला बसते आणि मेंदूला कळतं की ते तेव्हा झालं, आत्ता होत नाहीये. दुभाषी असेल तर ही दोरी फार कामाला येते, कारण तीन माणसांसमोर एकच गोष्ट दिसत असते आणि पहिलं सेशन बरंचसं हातांनीच होतं.

दगडापाशी आलं की मात्र अडतं. आमच्याकडे पहिल्यांदा आली ती संथाळी बोलणारी नर्सिंगची एक विद्यार्थिनी, मुलगी चांगली, मनापासून मदत करणारी, पण तिला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. बाई भिंतीकडे तोंड करून मिनिटभर बोलल्या आणि माझ्याकडे आली एक ओळ, "ती म्हणते तिला खूप भीती वाटली." मधलं सगळं गाळलं होतं, कारण ते त्या मुलीलाच बोलवेना. बाई रडायला लागल्या तशी तिने पाठीवर हात फिरवला, पाणी दिलं आणि संथाळीत समजूत घातली. घरी असंच करतात आणि ते बरोबरच आहे, पण थेरपीत त्याच क्षणी रडू थांबवलं तर आठवण पुन्हा अर्धवट राहते. आणि "ती म्हणते, तिला वाटलं" अशा बोलण्याने आणखी एक होतं, समोरचा माणूस आपल्याच गोष्टीच्या बाहेर जाऊन बसतो.

म्हणून पुढच्या वेळेपासून सेशनच्या आधी पंधरा मिनिटं फक्त दुभाषी ताईंसोबत ठेवली. आज कुठला दगड येणार, काय ऐकावं लागू शकतं हे आधीच सांगायचं. बोलायचं ते "मी" म्हणून, बाई म्हणतील तसंच, तुटक असेल तर तुटकच, गाळायचं नाही आणि गोडही करायचं नाही. दोन-तीन वाक्यं झाली की भाषांतर, त्याहून लांब गेलं की तपशील गळतात. पण बाई आठवणीत खोल असतील तर त्यांना मध्येच थांबवायचं नाही, ताईंनी माझ्या कानाशी हळू आवाजात सोबत-सोबत सांगायचं. खुर्च्या त्रिकोणात, बाईंची नजर माझ्याकडे. भीती किती हे शून्य ते दहा बोटांवर, म्हणजे त्यासाठी भाषांतराला थांबावं लागत नाही.

अजून एक, आणि हे बऱ्याच ठिकाणी राहून जातं. बाई मध्येच हरवतात, डोळे एका जागी, मी बोलतेय ते पोचतच नाही. दुभाषी नसेल तर मी लगेच त्यांना परत आणते. दुभाषी असेल तर माझं वाक्य आधी तिच्याकडे, मग बाईंकडे, आणि त्या काही सेकंदांत त्या अजून लांब जातात. म्हणून चार-पाच वाक्यं ताईंना आधीच शिकवून ठेवली, मी खूण केली की त्यांनी माझी वाट न बघता थेट बोलायचं: तू आत्ता पुण्यात आहेस, ही खोली आहे, पाय जमिनीवर दाब, ही बाटली गार आहे का सांग. बाटली मी हातात देते, लिंबू फोडून नाकाशी धरते, त्याला भाषा लागत नाही.

आता वेळेचं, कारण तुमच्या हातात सगळ्यात जास्त हेच आहे. प्रसंग सांगताना भीती आधी वर चढते आणि माणूस त्यात टिकून राहिला तर हळूहळू उतरते, आणि सेशन ती उतरल्यावरच संपवायचं असतं. साध्या परिस्थितीतही याला दीड तास धरतात. दुभाषी आला की प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं, म्हणजे त्याच दीड तासात जवळजवळ निम्मंच होतं, म्हणून आम्ही एक दगड दोन सेशनमध्ये विभागतो आणि कुठे थांबायचं ते आधी ठरवतो. आता हेच जर पाऊण तासाच्या स्लॉटमध्ये बसवलं तर भीती बरोबर शिखरावर असताना वेळ संपते आणि बाईंना आम्ही बोटांवर नऊ असताना बाहेर पाठवतो. त्या रात्री काय होतं ते सांगायला नको, आणि मग पुढच्या वेळी त्या येत नाहीत. रजिस्टरमध्ये लिहिलं जातं "पेशंटने फॉलोअप केला नाही".

या पद्धतीत थेरपिस्ट प्रत्येक सेशननंतर गोष्ट लिहून काढतो आणि पुढच्या वेळी वाचून दाखवतो. मी हिंदीत लिहिते, ताई बघून संथाळीत सांगतात, बाई ऐकतात आणि दुरुस्त करतात. एकदा त्यांनी हात वर करून थांबवलं. माझ्या कागदावर होतं, "स्लॅब पडला तशी मी पळाले". त्या म्हणाल्या, मी पळाले नाही, मला दुसऱ्या मजुराने दंडाला धरून ओढलं, मी परत आत जात होते. हे सगळं मागच्या सेशनला त्या बोलल्या होत्या, भाषांतरात "पळाले" एवढंच आलं होतं. आणि नवऱ्याला टाकून आपण पळालो हेच तर त्यांच्या डोक्यात महिनोन् महिने घोळत होतं, सासरच्यांनीही तसंच ऐकवलं होतं. आपलीच गोष्ट तपशिलात ऐकताना त्यांना ते ओढणं आठवलं, दंडावरचे वळ आठवले. त्यानंतर अपराधीपणा उतरायला लागला. दुभाषी असेल तर हे वाचून दाखवणं कधीच वगळू नये असं माझं ठाम मत आहे, वेळ नसला तर दुसरं काहीतरी कमी करा.

दुभाषी असताना ही थेरपी जमतच नाही असं कोणी तुम्हाला सांगितलं तर ऐकू नका. पूर्व लंडनमधल्या एका अभ्यासात, 2007 साली छापलेल्या, दुभाष्यासोबत थेरपी घेतलेल्या निर्वासितांमध्येही चांगली सुधारणा दिसली. युगांडातल्या नाकिवाले छावणीत निर्वासितांमधल्याच लोकांना शिकवून त्यांच्याकडून हीच थेरपी दिली गेली आणि ती उपयोगी पडली. डेन्मार्कमधून मात्र दुभाषी असलेल्यांमध्ये सुधारणा कमी असंही आलंय, ते लपवत नाही. माझा अनुभव असा की फरक दुभाषी असण्या-नसण्याने तितका पडत नाही जितका तो शिकवलेला आहे का आणि दर वेळी तोच आहे का याने पडतो. दर आठवड्याला नवा चेहरा समोर आला तर बाईंनी नवऱ्याचा मृत्यू दर आठवड्याला एका नव्या अनोळखी माणसाला सांगायचा का?

दुभाष्याचंही बघा. आमच्या ताईंनी सेशनभर "माझा नवरा" म्हणून ते सगळं स्वतःच्या तोंडाने बोललं, त्यांचा भाऊही साइटवरच कामाला आहे. सेशननंतर दहा-पंधरा मिनिटं त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी त्यांना घरी सोडत नाही, आणि एका दिवसात अशी दोन सेशन्स देत नाही. या कामाचे त्यांना आज किती पैसे मिळतात? बसभाडं, तेही आम्ही वर्गणी काढून देतो. आणि पुण्यात संथाळी बोलणारे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे गोष्ट फुटेल ही भीती खरी आहे, म्हणून बाईंना आधी एकटीला विचारलं होतं की या ताई चालतील का, कुठल्या गावच्या, कुठल्या नात्यातल्या. नाही म्हणाल्या असत्या तर दूरच्या शहरातला दुभाषी फोनवर घ्यायची तयारी होती. फोनवर चेहरा दिसत नाही, हरवलेल्या माणसाला परत आणणं अवघड जातं, तरी ओळखीच्या माणसापुढे गप्प बसण्यापेक्षा ते बरं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये संमतीची व्याख्याच अशी आहे की माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत दिलेली हवी. मुकादमाने "हो बोल" म्हटल्यावर घेतलेला अंगठा ही संमती नाही.

म्हणून साहेब, मागणी अशी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात दुभाष्याला सेशनप्रमाणे मानधन द्या, त्यात आधीची आणि नंतरची पंधरा-पंधरा मिनिटं धरून. ज्या जिल्ह्यांत बांधकाम आणि वीटभट्ट्या जास्त आहेत तिथून सुरू करा, संथाळी, ओडिया, बंगाली, नेपाळी बोलणाऱ्यांची यादी करा, त्यांना चार-पाच दिवस थेरपिस्टसोबत बसवून शिकवा आणि बाकी जिल्ह्यांना तीच यादी फोनवर वापरू द्या. मुकादम, ठेकेदार, मालक आणि पेशंटची स्वतःची मुलं यांना दुभाषी म्हणून बसवायचं नाही असं लेखी परिपत्रक काढा, याला तर एक रुपयाही लागत नाही. आणि दुभाष्यासोबतच्या ट्रॉमा सेशनला दोन तासांचा स्लॉट मान्य करा, एका दिवसाचे पेशंट कमी दिसले म्हणून थेरपिस्टला नोटीस जाऊ नये.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पुढचा आराखडा केंद्राकडे जाईल तेव्हा त्यात दुभाष्यांच्या मानधनाची वेगळी ओळ असावी. प्रशिक्षणाचा मसुदा आमच्याकडे मराठीत आणि हिंदीत तयार आहे, आपल्या कार्यालयाने वेळ दिली तर ताईंना सोबत घेऊन येते.

आपली,
एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पुणे