'80 टक्के अचूक' सॉफ्टवेअर आणि माझ्या 49 चिठ्ठ्या

प्रिय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लॉटरीचे आकडे आधी सांगणारी सॉफ्टवेअर ऑनलाइन विकली जातात, त्यावर मागे तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं. त्यांचं म्हणणं असं की ही सगळी फसवणूक आहे, विषय संपला. मला ते पटलं पण पुरेसं वाटलं नाही, कारण ज्याने ते विकत घेतलंय त्याला 'फसवणूक आहे' असं सांगून काही उपयोग होत नाही, तो लगेच म्हणतो की अहो पण माझं तर बरोबर येतंय. आणि गंमत म्हणजे तो खोटं बोलत नसतो! माझ्या भाऊजींचं अगदी हेच झालं, म्हणून मी पण तेच सॉफ्टवेअर घेतलं आणि सहा महिने वही घेऊन बसलो. जे कळलं ते लिहितोय, पत्र थोडं लांबलंय त्याबद्दल माफी.

लॉटरी साधी, 49 पैकी 6 आकड्यांची, अशी पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी चालते. आमचं सॉफ्टवेअर काय करायचं तर प्रत्येक ड्रॉच्या आधी 20 आकड्यांची यादी द्यायचं, आणि दावा असा की '80 टक्के ड्रॉमध्ये विजयी आकड्यांपैकी किमान दोन आमच्या यादीत असतात, आणि जवळपास निम्म्या ड्रॉमध्ये तीन किंवा जास्त'. सोबत मागच्या शंभर ड्रॉचा तक्ता, हिरव्या टिकमार्कांनी भरलेला. भाऊजी म्हणाले, अरे, दहात आठ वेळा बरोबर म्हणजे काय कमी आहे का!

आता हा दावा खरा आहे. मी तपासला, तक्त्यातले आकडे बरोबर होते. पण एक प्रश्न कोणी विचारत नाही, की डोळे मिटून कुठलेही 20 आकडे घेतले असते तर किती आलं असतं? 49 पैकी 20 म्हणजे जवळजवळ 41 टक्के आकडे तुम्ही आधीच खिशात घालून बसलाय, मग सहातले दोन-तीन त्यात पडणारच ना, नाही पडले तरच नवल. नेमका हिशोब एक्सेलमध्ये एका ओळीत होतो, हे टाकून बघा:

```
=1-HYPGEOM.DIST(1,6,20,49,TRUE)
```

उत्तर येतं 0.796. म्हणजे कुठल्याही 20 आकड्यांत, अगदी तुमच्या शाळेतल्या मित्रांचे हजेरी नंबर घेतले तरी, जवळपास 80 टक्के वेळा दोन किंवा जास्त आकडे लागणार. शंभर ड्रॉमागे साधारण 3 मध्ये एकही नाही, 17 मध्ये एकच, उरलेल्या 80 मध्ये दोन किंवा त्याहून जास्त. त्याच सूत्रात पहिल्या 1 च्या जागी 2 टाका, 0.473 येईल, हेच त्यांचं 'जवळपास निम्म्या ड्रॉमध्ये तीन'. म्हणजे ज्याला ते अचूकता म्हणत होते तो निव्वळ नशिबाचा दर होता, फक्त त्याला नाव छान दिलेलं.

बरं, यादीत आकडे आले म्हणजे बक्षीस मिळालं असं पण नाही, इथेच खरी मेख आहे. 20 आकड्यांतून सहा-सहाची सगळी तिकिटं काढायची झाली तर 38,760 तिकिटं लागतात. आणि सहाही आकडे त्या यादीत यायची वेळ साधारण 361 ड्रॉमध्ये एकदा. यादीवरच्या टिकमार्कांचे कोणी पैसे देत नाही, पैसे तिकिटाचे मिळतात, म्हणून कोणी टक्केवारी सांगितली की पहिला प्रश्न विचारावा: हे टक्के किती आकड्यांच्या यादीवर, आणि यादीतल्या किती आकड्यांना तुम्ही 'बरोबर' म्हणताय.

तर टेस्ट कशी केली ते सांगतो. बॉक्समध्ये 1 ते 49 च्या चिठ्ठ्या ठेवल्या, सगळ्या एकाच मापाच्या, नीट घडी घातलेल्या. प्रत्येक ड्रॉच्या आधी सॉफ्टवेअरची यादी काढायची आणि मग बॉक्स हलवून 20 चिठ्ठ्या उचलायच्या. दोन्ही याद्या भाऊजींना मेसेज करायच्या, म्हणजे त्यावर वेळ पडते आणि नंतर 'अरे तो आकडा मी पण धरला होता' असं करायला जागा राहत नाही. हे ड्रॉच्या आधीच करायला हवं, नंतर केलेलं काहीही चालणार नाही. मागच्या शंभर ड्रॉचा तक्ता दाखवणं फार सोपं असतं, कारण निकाल माहीत असताना नियम बनवलेला असतो, आणि जो नियम त्या शंभरवर बसला नाही तो तुम्हाला दाखवतच नाहीत.

आणि किती ड्रॉ करायचे ते आधीच ठरवून घ्या. मी 50 म्हटलं होतं, आठवड्याला दोन प्रमाणे 25 आठवडे. मध्ये एकदा सॉफ्टवेअर चांगलंच पुढे होतं, 14 ड्रॉनंतर की 15, तेव्हा भाऊजींनी लगेच सांगितलं की बघ, आता थांब, सिद्ध झालं. नेमकं तिथेच थांबायचं नाही. जिथे आकडे आवडतील तिथे थांबायची सवय असेल तर कुठलीही नाणेफेक तुमची हुशारी सिद्ध करून देईल.

आता 50 ड्रॉमध्ये किती अपेक्षित? एका ड्रॉला यादीत सरासरी 2.45 आकडे, म्हणजे 50 ला साधारण 122. पण नशीब सरळ रेषेत चालत नाही, वर-खाली होणारच, 50 ड्रॉच्या बेरजेत सहज 16-17 इकडे तिकडे होतं. म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं: 106 ते 139 च्या मध्ये कुठेही आलं तर काहीही सिद्ध झालं नाही. शेवटी सॉफ्टवेअर 119, माझ्या चिठ्ठ्या 126. म्हणजे माझ्या चिठ्ठ्या हुशार असं मी म्हणणार नाही हां, दोन्ही त्याच पट्ट्यात आहेत, तोच तर मुद्दा. 'किमान दोन' वाले ड्रॉ सॉफ्टवेअरचे 38, चिठ्ठ्यांचे 41, आणि नशिबाने अपेक्षा 40 ची.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. 50 ड्रॉची टेस्ट अगदी बारीक फायदा पकडू शकत नाही, एखाद्याला 122 ऐवजी 125 मिळत असतील तर ते या वहीत दिसणारच नाही, त्याला हजारो ड्रॉ लागतील. पण विकणारे काही बारीक फायद्याचा दावा करत नाहीत ना. समजा कोणी म्हणालं की आमची सरासरी ड्रॉला 3 आकडे, म्हणजे 50 ला 150, तर ते 139 च्या बरंच वर आहे आणि खरं असेल तर 50 ड्रॉमध्ये बहुतेक वेळा दिसून येईल. जेवढा मोठा दावा तेवढी छोटी टेस्ट पुरते.

दुसरी अडचण म्हणजे सेटिंग्ज. या सॉफ्टवेअरमध्ये वीस-एक 'पद्धती' होत्या, हॉट नंबर, कोल्ड नंबर, बेरीज, सम-विषम, काय काय. कंपनीच्या हेल्प डेस्कवाल्याने मला सांगितलं की तुमची पद्धत चुकली, दुसरी वापरून बघा. पण वीस पद्धती एकदम पळवल्या तर निव्वळ नशिबाने त्यातली एखादी माझ्या 139 च्या वर जायची शक्यता पण जवळपास 30 टक्के होते. मग तीच दाखवायची आणि म्हणायचं, हीच ती! म्हणून पद्धत एकच, आधी निवडून लिहिलेली. बदलायची असेल तर पुन्हा पहिल्यापासून 50 ड्रॉ, जुने मोजायचे नाहीत.

हॉट नंबरवर तर माझा पण थोडा विश्वास बसला होता, खोटं का बोलू. शंभर ड्रॉमध्ये एक आकडा 20 वेळा आणि दुसरा 5 वेळा, हे बघून वाटतं की काहीतरी आहे. प्रत्येक आकडा सरासरी 12 वेळा यायला हवा ना? पण 49 आकडे असले की त्यातला सगळ्यात वरचा 19-20 ला आणि सगळ्यात खालचा 5-6 ला जाणं हे अगदी नॉर्मल आहे, चिठ्ठ्या शंभर वेळा काढून बघा, तुमच्या बॉक्समध्ये पण एक 'हॉट' निघेल, फक्त पुढच्या शंभरमध्ये तो दुसराच असेल. मशीनला किंवा चिठ्ठ्यांना मागचं काही आठवत नाही. अशी सॉफ्टवेअर 'मागच्या वेळचे आकडे लगेच येत नाहीत' म्हणून ते गाळून टाकतात, आणि बल्गेरियात 2009 च्या सप्टेंबरमध्ये लागोपाठच्या दोन ड्रॉमध्ये, 6 आणि 10 तारखेला, तेच सहा आकडे आले होते, 4, 15, 23, 24, 35, 42. चौकशी झाली, लबाडी काही सापडली नाही.

राहिले ते खूश ग्राहकांचे स्क्रीनशॉट. हजार लोकांनी ड्रॉला एकेकच तिकीट घेतलं, कुठलंही, तरी त्यातल्या 18-19 जणांना तीन किंवा जास्त आकडे लागतात. ते 18 जण खरेच असतात, आनंदाने फोटो पाठवतात, उरलेले 980 गप्प बसतात. पुढच्या ड्रॉला दुसरे 18.

तुम्हाला एक विनंती आहे. अशा सॉफ्टवेअरची जाहिरात तुमच्याकडे आली तर छापायच्या आधी त्यांच्याकडून पुढच्या 50 ड्रॉच्या याद्या मागा, प्रत्येक यादी ड्रॉच्या आदल्या दिवशी तुमच्या ऑफिसच्या ईमेलवर, पद्धत एकच, पहिल्या दिवशी लिहून दिलेली. मी हेच आमच्या विक्रेत्याला लिहिलं होतं, वही आणि चिठ्ठ्या घेऊन पुन्हा 50 ड्रॉ बसायची माझी तयारी आहे हे पण लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं की अपग्रेड घेतल्याशिवाय टेस्ट मान्य होणार नाही. भाऊजींनी अपग्रेड घेतलंय, 11 ड्रॉ झालेत, बेरीज 27.

आपला,
एक नियमित वाचक