तासाचा दर स्वतःसाठी, कामाची किंमत ग्राहकासाठी

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

परवा रविवार कारंज्यावर घाईघाईत भेटलास आणि रिक्षात चढता चढता विचारलेस की, "डिझाइनची पहिली कामे येऊ लागली आहेत, तर पैसे तासावर घेऊ की कामावर?" त्या वेळी मी "कामावर" एवढेच ओरडून सांगितले. उत्तर बरोबर असले तरी अर्धे होते, आणि उरलेले अर्धे फोनवर सांगितले तर त्यातले आकडे निसटतील, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की ग्राहकाला एका कामाची एक किंमत सांगावी, पण ती किंमत आपल्या वहीत तासांवरूनच काढावी. तासाचा दर हा आपला आतला हिशेब आहे. तो ग्राहकासमोर काही ठरावीक प्रसंगीच काढायचा. हे मी शहाणपणाने शिकलो नाही, तर एका बेदाण्याच्या पाकिटाने मला शिकवले.

नोकरी सोडल्यानंतर मला मिळालेले ते दुसरे काम. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार स्वतःच्या नावाने बेदाणे विकू पाहत होते आणि त्यांना लोगो व पाव किलोच्या पाकिटाचे लेबल हवे होते. मी मनाशी सोळा तास धरले, तासाला चारशे रुपये लावले आणि ६,५०० रुपये सांगून मोकळा झालो. सुदैवाने त्या काळात मी रोज किती वेळ कशावर गेला ते वहीत लिहीत असे. काम संपले तेव्हा बेरीज ३४ तास झाली, म्हणजे तासाला साधारण १९० रुपये हाती पडले.

आता यातली मौज पाहा. ज्याला आपण डिझाइन म्हणतो त्याला, म्हणजे रेखाटने, लोगो आणि लेबलाची मांडणी यांना, सतराच तास लागले होते. माझा अंदाज जवळजवळ बरोबर होता. उरलेले सतरा तास मी धरलेच नव्हते. पाच वेळा झालेल्या दुरुस्त्यांत आठ तास गेले. लेबलावरचा मजकूर व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी येत राहिला; आज पोषणमूल्यांचा तक्ता, चार दिवसांनी एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक, त्यानंतर पत्त्यातली दुरुस्ती, असे करता करता त्यात चार तास गेले. "हेच जरा मोठे करून अर्ध्या किलोचे पण द्या" या एका वाक्यात तीन तास गेले, कारण मोठ्या पाकिटाची लांबी-रुंदी त्याच प्रमाणात वाढत नाही, निव्वळ वजनाचे आकडे नियमात ठरवून दिलेल्या उंचीपेक्षा लहान चालत नाहीत, आणि सगळी मांडणी पुन्हा बसवावी लागते. शेवटचे दोन तास प्रेसमध्ये प्रूफ पाहण्यात गेले. ग्राहकाने मला फसवले नव्हते. या सतरा तासांबद्दल मी त्यांना कधी काही सांगितलेच नव्हते, एवढाच काय तो दोष, आणि तो माझा होता.

तू म्हणशील, मग सरळ तासावरच घ्यावे, म्हणजे हे चौतीसच्या चौतीस तास भरून आले असते. पण त्या बागायतदारांना मी पहिल्या दिवशी "तासाला चारशे, किती तास लागतील ते पाहू" असे म्हटले असते, तर त्यांनी चहा पाजून निरोप दिला असता. ज्याने आपले काम कधी पाहिले नाही, त्याला आपला एक तास म्हणजे किती काम हे कळायला मार्ग नसतो, आणि शेवटचा आकडा न कळता कोणी हो म्हणत नाही. दुसरे कारण आपल्या बाजूचे आहे. तेव्हा मला एका लोगोला चौदा तास लागत, आता कधी कधी सहा लागतात. माझ्या आजच्या ४२० रुपयांच्या दराने चौदा तासांचे ५,८८० होतात आणि सहा तासांचे २,५२०. काम आधीपेक्षा चांगले झाले आणि पैसे मात्र निम्म्याहून कमी मिळाले, असा हा व्यवहार आहे.

हे ४२० कुठून आले तेही सांगतो, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. महिन्याला घरी ३०,००० न्यायचे आहेत असे धर. सॉफ्टवेअर, इंटरनेट, वीज, येणे-जाणे आणि संगणकाची झीज मिळून ८,००० होतात. ७२,०००चा संगणक तीन वर्षे चालेल असे मानले तर त्याचेच महिन्याला २,००० पडतात. आजारपण, सणवार आणि रिकाम्या महिन्यांसाठी ४,००० बाजूला ठेवायचे. एकूण ४२,०००. आता पंचवीस दिवस रोज आठ तास म्हणजे २०० तास, म्हणून दर २१० रुपये, असा हिशेब मी सुरुवातीला केला होता. पण त्या २०० तासांत ग्राहक शोधणे, भेटी, कोटेशन लिहिणे, पैशांसाठी फोन करणे आणि नवे काही शिकणेही येते, आणि त्याचे पैसे कोणी वेगळे देत नाही. माझ्या वहीप्रमाणे पैसे मिळणारे तास निम्मेच, म्हणजे १०० भरतात. म्हणून ४२०. तुझे आकडे वेगळे असतील, पण भागाकार याच पद्धतीने कर.

आता तुझ्या सातपूरच्या मसालेवाल्यांकडे येऊ. त्यांना लोगो आणि तीन मसाल्यांच्या पाकिटांची लेबले हवी आहेत ना? मी असतो तर असे तास धरले असते: बोलणी आणि दुकानांतली इतर पाकिटे पाहणे यासाठी तीन, लोगोला दहा, पहिल्या लेबलाला आठ, उरलेल्या दोन्हींना मिळून सहा, मजकूर गोळा करून तपासायला तीन, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्यांना पाच, आणि छपाईची फाईल व प्रूफ यांना तीन. बेरीज ३८ होते आणि रक्कम १५,९६०. पहिल्या वर्षी आपला अंदाज नेहमी कमीच निघतो, म्हणून मी त्यात चौथा हिस्सा वाढवतो. त्याने १९,९५० होतात. कोटेशनवर २०,००० लिही आणि तासांचा हा तक्ता स्वतःजवळ ठेव.

ते बहुधा म्हणतील की आमचे बजेट आठ हजारांचे आहे. त्या क्षणी तुझ्या तोंडून "बरं, बारा करू" निघण्याचा धोका आहे, कारण तू भिडस्त आहेस. दर उतरवू नकोस, काम उतरव. आठ हजारांत स्वतंत्र लोगो होणार नाही, नाव एखाद्या चांगल्या तयार देवनागरी फॉन्टमध्ये नीट बसवून देईन, एकच लेबल करीन आणि दुरुस्तीची एकच फेरी राहील, असे सांग. बोलण्याला दोन, नावाला तीन, लेबलाला आठ, आणि मजकूर, दुरुस्ती व फाईल यांना दोन-दोन, असे १९ तास होतात, म्हणजे ७,९८० रुपये. यात वाढावा काहीच उरत नाही, पण काम लहान आणि रेखीव असल्याने चुकायलाही जागा थोडी असते.

कोटेशनमध्ये "दोन फेऱ्या" एवढेच लिहून भागत नाही, हेही मी ठेच लागल्यावर शिकलो. फेरी म्हणजे काय ते लिही: सर्व दुरुस्त्या एकाच वेळी, लेखी आणि ठरलेल्या एकाच व्यक्तीकडून येतील, तेव्हा ती एक फेरी. नाहीतर मालकाला हिरवा रंग आवडतो, त्यांच्या मुलाला काळा, आणि शेवटच्या दिवशी मेहुणे येऊन "यात मिरची कुठेच दिसत नाही" म्हणतात. माझी स्वतःची चूक, उदाहरणार्थ चुकलेली वेलांटी, मी फेरीत मोजत नाही. मंजूर झालेली कल्पना टाकून नवी मागितली तर मात्र ती दुरुस्ती नव्हे, नवे काम आहे. आणि इथेच तासाचा दर बाहेर काढायचा. "दोन फेऱ्यांनंतरचे काम तासाला ४५० रुपयांप्रमाणे, सुरू करण्याआधी कळवून" असे एक वाक्य कोटेशनमध्ये ठेव. दर थोडा चढा मी मुद्दाम ठेवतो. ते पैसे मला क्वचितच मिळतात, पण ते वाक्य वाचल्यावर लोक दुरुस्त्या एकत्र करून पाठवतात, हाच त्याचा उपयोग आहे.

पूर्ण काम तासावर घ्यावे असे प्रसंग थोडे आहेत, पण आहेत. मागच्या वर्षी अंबडच्या एका कारखान्याने जुने माहितीपत्रक "जरा अद्ययावत" करायला दिले. फाईल कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीतली होती, आणि मराठी मजकूर युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. असा मजकूर बदलून घेताना जोडाक्षरे आणि रफार कुठे तुटतील हे आधी सांगता येत नाही, प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागते. पाने किती राहणार हेही त्यांचे ठरले नव्हते. अशा कामाची एक रक्कम सांगणे म्हणजे जुगार. तिथे मी तासाचा दर सांगितला, पण वीस तासांची मर्यादा घालून: पंधरा तास झाले की कळवीन, आणि वीस झाले की तुमच्या होकाराशिवाय पुढे जाणार नाही. दर शुक्रवारी कोणत्या पानावर किती वेळ गेला तेही पाठवत होतो. मर्यादा दिसल्यामुळे त्यांनी घासाघीस केली नाही.

पैसे कधी घ्यायचे याबद्दल थोडक्यात सांगतो. अर्धी रक्कम सुरुवातीला घे, उरलेली छपाईची फाईल देण्याआधी घे, आणि तोवर दाखवायला फक्त लहान आकाराची चित्रे पाठव.

पहिल्या पाच-सहा कामांत, किंमत कामावर ठरलेली असली तरी, तास लिहिणे सोडू नकोस. लेबलाला तू आठ धरलेस आणि बारा लागले, तर पुढच्या कोटेशनमध्ये बारा लिहिशील. वही नसेल तर पुन्हा आठच लिहिशील. मसालेवाल्यांना कोटेशन देण्याआधी तुझा तासांचा तक्ता मला पाठव. रविवारी सकाळी मी घरीच आहे.

तुझा मित्र