गाय-म्हैस गाभडली तर : दूध संस्थेच्या सभासदांसाठी सूचना

पाचव्या महिन्यानंतर गाय किंवा म्हैस गाभडली, वार अडकली, तर आधी ब्रुसेलोसिसचा संशय धरा. या आजाराचे जंतू वारेत, गर्भजलात आणि नंतर दुधातही असतात.

अशा वेळी वार उघड्या हाताने ओढू नका, डॉक्टरांना बोलवा. गोठा झाडायचं काम सवयीने घरातल्या सुनेकडे जातं. ती गरोदर असेल तर तिला आणि लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. या आजाराने बाईचाही गर्भपात होऊ शकतो. मेलेलं वासरू आणि वार हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. नंतर हात कोपरापर्यंत साबणाने धुवा.

मुलांना धारोष्ण दूध ‘ताकदीचं’ म्हणून पाजतात, ते बंद करा. उकळी आलेलंच दूध द्या.

घरात कुणाला येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, सांधेदुखी असेल तर दवाखान्यात जनावर गाभडल्याचं आवर्जून सांगा. ताप कित्येक आठवड्यांनीही येतो, त्यामुळे हा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच लस द्यायची असते. त्यांची नावं संकलन केंद्रावर नोंदवा.

— सचिव