वरच्या फळीवरचा कप

ती. आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर त्या दिवशी आवाज चढला, म्हणून हे लिहायला बसले. लिहिताना निदान मध्येच कोणी कोणाचं तोडत नाही.

आई, विषय त्या कपाचाच आहे. माझी मैत्रीण दोन दिवस राहून गेली. आल्या आल्या तू तिला आडनाव विचारलंस. ते ऐकून अंदाज येईना, म्हणून मूळ गाव विचारलंस, मग मामांचं आडनाव. तिसऱ्या प्रश्नाला तुझा चेहरा बदलला. तू वाईट वागली नाहीस, चहात आलंही जास्त घातलंस. पण ती अंघोळीला गेल्यावर तू तिचा कप एकदा घासलास, मग त्यावर उकळतं पाणी ओतलंस आणि पालथा करून वरच्या फळीवर, मोडक्या किसणीशेजारी ठेवलास. बाकीचे चार कप खालीच राहिले. बाबा, तुम्ही समोर पेपर वाचत होतात. पान मात्र उलटलं नाहीत.

फोनवर तुम्ही म्हणालात, "कायदे होऊन जमाना झाला, आता जात राहिलीय कुठे?" बाबा, तुम्ही तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंत, म्हणून तुमच्याच विषयातलं बोलते. महाडच्या तळ्याचा धडा तुम्ही शिकवायचात, पण त्यातल्या तारखा नीट लावून पाहिल्यात का?

मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला ऑगस्ट १९२३ मध्ये. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं. म्हणजे कागदावर सगळं झालेलं होतं. तरी एकही अस्पृश्य माणूस तळ्यावर जाऊ धजला नाही. गुरं त्या पाण्यावर जात होती, परधर्मीयांनाही मनाई नव्हती. अखेर २० मार्च १९२७ ला बाबासाहेब परिषदेला जमलेल्या लोकांना घेऊन गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मग देवळातही शिरणार अशी आवई उठली, आणि परत निघालेल्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या.

पण मला अडकवून ठेवतं ते त्यानंतरचं. गावाने तळं शुद्ध करून घेतलं. एकशे आठ घागरी पाणी उपसलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि मंत्र म्हणत परत तळ्यात ओतलं. ज्या पाण्यात रोज म्हशी डुंबतात, ते माणसाच्या ओंजळीने बाटलं आणि शेणाने शुद्ध झालं! आई, तुझं ते उकळतं पाणी पाहिलं तेव्हा मला ह्याच घागरी आठवल्या. राग येईल तुला, येऊ दे. तुझी घागर एकच होती आणि मंत्र नव्हता, एवढाच फरक.

पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि गावातल्या काहींनी कोर्टात दावा लावला, की हे तळं वहिवाटीने आमचंच. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रहाला लोक जमले, तर आधीच कोर्टाची मनाई आलेली. निकाल हायकोर्टातून लागला मार्च १९३७ मध्ये. दहा वर्षं, एका तळ्यासाठी. आणि बाबा, निकाल कशावर लागला ते पाहा. सवर्णांना आपली वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे सिद्ध करता आलं नाही, म्हणून ते हरले. ती वहिवाट अन्यायाची आहे का, हा प्रश्न कोर्टाला सोडवावाच लागला नाही. उद्या कोणी जुने कागद दाखवले असते तर? रूढी किती जुनी हे कायदा मोजू शकला. ती वाईट आहे हे ठरवायचं काम आपल्यावर राहिलं, आणि अजून आपल्यावरच आहे.

म्हणूनच मला वाटतं बाबासाहेबांनी 'बंधुता' हट्टाने आणली. संविधान सभेच्या उद्दिष्टांच्या ठरावात हा शब्द नव्हता. मसुदा समितीने तो प्रास्ताविकेत घातला आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये सभेच्या अध्यक्षांना तसं कळवलं, की देशाला याची इतकी गरज पूर्वी कधी नव्हती. तुम्ही आम्हाला घोकून घेतलेली ओळ आठवा: 'व्यक्तीची प्रतिष्ठा' हे शब्द समानतेपुढे येत नाहीत, बंधुतेपुढे येतात. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सांगितलं, की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता आपसूक नांदणार नाहीत, त्या अंमलात आणायला शिपाई लागेल. तळ्यावर शिपाई उभा करता येतो. आपल्या ओट्यापाशी कोण उभा राहणार?

बाबा, तुम्ही म्हणाल, घरातल्या कपाचा आणि लोकशाहीचा काय संबंध. लोकशाहीत हरलेला माणूस घरी जातो तो कशाच्या भरवशावर? पुढच्या वेळी चार लोकांचं मत फिरेल आणि आपणही जिंकू, ह्या. मत फिरतं, जात फिरत नाही. मतं जातीने पडू लागली की जिंकणारेही जन्माने ठरतात आणि हरणारेही, मग निवडणूक म्हणजे नुसती शिरगणती. समोरचा आपल्यातलाच आहे, त्याच्या हाती कारभार गेला तरी तो आपलं वाटोळं करणार नाही, एवढं वाटायला त्याच्याबरोबर कधीतरी एका कपाने चहा प्यालेला असावा लागतो.

आई, तू म्हणालीस, "आम्ही कुणाला कमी लेखत नाही, ज्याचं त्याच्या जागी." तुझी जागा तुला आठवते का? लग्न होऊन आलीस तेव्हा तुझं माहेर पोटजातीत पायरीभर खालचं, म्हणून आजीने वर्षभर तुला लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नव्हता. हे तूच मला सांगितलंयस, डोळे पुसत. ज्या शिडीवर आजीने तुला खाली ठेवलं, त्याच शिडीवर तू माझ्या मैत्रिणीला ठेवलंस. बाबासाहेब हिला श्रेणीबद्ध विषमता म्हणत. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणाचा तरी पाय असतो, पण आपल्या पायाखालीही कोणीतरी आहे ह्या समाधानात शिडी कोणी हलवत नाही. तुला दुखलं होतं, म्हणून तुला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. माझी तक्रार एवढीच आहे. आणि मीही त्या वेळी गप्प राहिले, ते वेगळंच.

तिने पाहिलं होतं, आई. अंघोळीहून येताना स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. परतीच्या गाडीत ती त्याबद्दल काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाली, "तुझ्या आईच्या चहात आलं मस्त होतं गं." मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

दिवाळीला मी तिला पुन्हा घेऊन येणार आहे. तिने हो म्हणायला बरेच दिवस लावले. तोवर तो कप खाली काढून बाकीच्या चारांत ठेव. कोणता कोणाचा ते कुणालाच ओळखू येऊ नये, तुलाही.

बाबा, डोळ्यांचे थेंब वेळेवर घाला. उत्तर पत्रानेच पाठवा, फोन नको.

तुमची,
ताई