मंगळ उच्चीचा आहे, पण दावा आत्ता नको

पुणे

ती. बाबा आणि आई यांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "मंगळाची महादशा लागली, मंगळ मकरेत उच्चीचा, आता काकावर दावा ठोकूनच टाक." मी हो-हो केलं आणि रात्री आजोबांची वही काढून पत्रिका पुन्हा मांडली. जुळे सोलापूरच्या प्लॉटचा विषय आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

मंगळ जमिनीचा कारक, आणि माझ्या सिंह लग्नाला चौथ्याचा नि भाग्याचा स्वामीही तोच. त्यामुळे या सात वर्षांत जमीन हाती येईल, असं कुणीही सांगेल. पण तो बसलाय सहाव्यात, शत्रू, कर्ज नि कोर्टकचेरीच्या घरात. म्हणजे जमीन येईल ती भांडून. सहाव्यातला बलवान मंगळ शत्रूला नमवतो, हे मान्य. पण तिथून त्याची आठवी दृष्टी थेट लग्नावर पडते, म्हणून धाडसासोबत जीभही सुटते. गड्ड्याला आलो होतो तेव्हा कुंपणाच्या तारेवरून काकाशी मी काय बोललो, ते आईने दारात उभं राहून ऐकलंय.

आता तुम्ही न पाहिलेली गोष्ट. मंगळ 22 अंशांवर आहे. मकरेतले नवांश मकरेपासूनच सुरू होतात, त्यामुळे 20 अंश ते 23 अंश 20 कला हा सातवा नवांश कर्केचा. राशीत उच्च, नवांशात नीच! असा मंगळ सुरुवातीला खूप गरजतो, पण वर्षानुवर्षं तारखा रेटायचा दम त्याच्यात कमी. हाच 12 अंशांवर असता तर नवांश मेषेचा, स्वतःचा, आणि मी तुमचंच ऐकलं असतं.

पहिले 4 महिने 27 दिवस मंगळात मंगळच. मग 1 वर्ष 18 दिवस राहू, आणि राहू माझ्या चौथ्यात. हद्द आणि कागद यांत घोळ घालणारा. आपला घोळ नेमका तोच आहे, सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जागेवरचं कुंपण जुळत नाही. त्यानंतर 11 महिने 6 दिवस गुरूचे. गुरू अष्टमेश, म्हणजे वारशाचा विषय वर येणारच. पण बसलाय तिसऱ्यात, लेखी कराराच्या घरात, आणि पाहतोय भाग्याकडे. काकाशी काही लेखी व्हायचं तर ते तेव्हा.

तोवर भूमी अभिलेखात मोजणीचा अर्ज टाका, काकाला नोटीस जाऊ द्या आणि नकाशाची 'क' प्रत हातात घ्या. ती नसेल तर कोर्टातही पहिला प्रश्न तोच येणार. काकाने पाया खणायला घेतला तर मात्र दशा-बिशा बघायची नाही, त्याच दिवशी वकील गाठायचा.

आई, बाबांना नवांश कुंडली चष्मा लावून बघायला सांग. आणि पुढच्या वेळी शेंगाचटणी जरा कमी तिखट कर.

तुमचा,
धाकटा