पाच किलोमीटर कुठे गेले? बाईंना एक खुलं आभारपत्र

नमस्कार बाई,

लेकीच्या वहीत "उत्तर ५० यायला हवं, कृपया तपासून पाहा" असा लाल पेनाने शेरा मारणारा तो आगाऊ पालक मीच. माफी तर मागायचीच आहे पण त्याहून जास्त आभार मानायचेत, आणि ते चारचौघांत मानावेत असं वाटलं कारण माझ्यासारखे ५० वाले अजून बरेच असणार याची मला खात्री आहे.

आधी काय झालं ते सांगतो म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल. वर्गाची पिकनिक होती, बस सांगितली होती, आणि निघायच्या आधी बाईंनी चार मुलांना काम वाटून दिलं. दोघांनी घड्याळ बघायचं, दोघांनी ड्रायव्हर काकांना विचारून किलोमीटरचं रीडिंग लिहायचं. तेही गाडी उभी असतानाच, चालत्या गाडीत काकांना अजिबात त्रास द्यायचा नाही. बस्स, एवढंच. गणिताचं नावसुद्धा काढलं नाही. मुलांना वाटलं काहीतरी मॉनिटरगिरी मिळाली, त्यामुळे आमची लेक (रीडिंगवाल्यांत होती) भलतीच खूश.

दुसऱ्या दिवशीच्या तासाला बाईंनी फळ्यावर तेच आकडे लिहिले. शाळेतून निघाले ७.१०, रीडिंग ४८,३१०. मध्ये थांबले ८.१० ला, रीडिंग ४८,३५२. अर्धा तास थांबून ८.४० ला निघाले आणि ९.१० ला पोचले, तेव्हा ४८,३७०. दिवसभर बस जागची हलली नाही. संध्याकाळी ४.४५ ला निघून न थांबता ५.४५ ला शाळेत, रीडिंग ४८,४३०. संपला डेटा. पुस्तकातल्या गणितात "एक बस ताशी ४० किमी वेगाने जाते" असं आयतं दिलेलं असतं आणि मुलं डोळे मिटून भागाकार करतात, इथे वेग कुणी दिलेलाच नव्हता, तो मुलांना काढायचा होता. मला वाटतं सगळी गंमत तिथेच आहे.

जाताना अंतर ६० किमी, थांबा सोडला तर चालण्याचा वेळ दीड तास. आता इथे निम्म्या वर्गाने म्हणे ६० भागिले १.३० केलं, कारण एक तास तीस मिनिटं म्हणजे १.३० असं लिहायची सवय, घड्याळात तसंच दिसतं ना. उत्तर आलं ४६ च्या आसपास. बाई, तुम्ही इथे "चूक" म्हणून खोडलं नाहीत हे मला फार आवडलं. तुम्ही आधी दोन तुकड्यांचा वेग वेगवेगळा काढायला लावलात. पहिल्या तासात ४२ किमी, म्हणजे ताशी ४२. दुसऱ्या तुकड्यात चढ आणि वळणं होती, अर्ध्या तासात १८ किमी, म्हणजे ताशी ३६. मग विचारलंत, एक तुकडा ४२ ने, दुसरा ३६ ने, तर पूर्ण रस्त्याची सरासरी ४६ कशी येईल? ती सगळ्यात जोरात गेलेल्या तुकड्याच्या वर जाऊच शकत नाही आणि सगळ्यात हळू गेलेल्याच्या खाली येऊ शकत नाही. लेक सांगत होती की वर्ग एकदम गप्प झाला आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, तीस मिनिटं म्हणजे पॉइंट तीन नाही, पॉइंट पाच! ६० भागिले १.५, ताशी ४०.

ही तपासणी मी एवढ्या वर्षांत कधी केली नव्हती. आम्हाला सूत्र पाठ होतं, तो त्रिकोण पण पाठ होता, वर अंतर आणि खाली वेग नि वेळ, जे पाहिजे त्यावर बोट ठेवा. पण आलेलं उत्तर खरं वाटतंय का हे बघायला कुणी शिकवलं नाही.

आता माझी फजिती. येताना ६० किमी एका तासात, म्हणजे ताशी ६०. होमवर्क होता की जाऊन-येऊन बसचा सरासरी वेग किती, थांबा धरायचा नाही. लेकीने ४८ लिहिलं. मी वही बघितली, जाताना ४०, येताना ६०, अंतर तेवढंच, सरळ बेरीज करून निम्मे करा, ५०. एवढं सोपं गणित चुकवलंस म्हणून तिला ऐकवलं, ती म्हणाली बाईंनीच असं शिकवलंय, तर मी म्हटलं मग बाई चुकल्या असतील, आणि काढला लाल पेन.

बाईंनी माझ्या शेऱ्याखाली दोनच ओळी लिहून वही परत पाठवली. "बस एकूण अडीच तास चालली. ताशी ५० ने अडीच तासात किती अंतर होईल ते काढून मीटरशी ताडून पाहावे. जास्तीचे किलोमीटर कुठे गेले ते कृपया कळवावे."

काढलं. ५० गुणिले अडीच, १२५. मीटरवर ४८,३१० ते ४८,४३०, म्हणजे १२० च. पाच किलोमीटर गायब! खरं सांगतो, मी दहा मिनिटं वहीकडे बघत बसलो होतो आणि लेक बाजूला उभी राहून हसू दाबत होती.

मग तिनेच समजावलं, तुम्ही वर्गात सांगितलं होतंत तसं. प्रवासाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करायचे. जाताना तीन तुकडे ताशी ४० चे, येताना दोनच तुकडे ताशी ६० चे. आता या पाचांची सरासरी काढा, ४० तीनदा आणि ६० दोनदा, बेरीज २४०, भागिले पाच, ४८. हळू चाललेली बस रस्त्यावर जास्त वेळ असते म्हणून हळू वेगाला जास्त मतं मिळतात. "मतं मिळतात" हा शब्द तिचा की तुमचा माहीत नाही पण माझ्या डोक्यात तोच बसलाय. मी दोघांना एकेक मत दिलं होतं कारण अंतर सारखं होतं, पण मत अंतराला नसतं, वेळेला असतं. बस दोन्ही बाजूंना सारखाच वेळ चालली असती तर माझं ५० बरोबर आलं असतं, आणि माझ्या समाधानासाठी हेही तिने मान्य केलं.

पोरीने वर जाता जाता हेही ऐकवलं की जातानाच्या दोन तुकड्यांना पण हेच लागू आहे. ४२ आणि ३६ ची सरळ सरासरी ३९ येते पण खरा वेग ४०, कारण ४२ ने पूर्ण तास गेलाय आणि ३६ ने अर्धाच.

अजून एक गोष्ट जी मला आवडली. एका मुलाने म्हणे हात वर करून सांगितलं की बाई मी स्वतः बघितलं, येताना काटा ७० च्या वर होता, मग ६० कसं? तर तुम्ही म्हणालात की काटा त्या क्षणाचा वेग दाखवतो, आपण काढतोय तो पूर्ण तासाचा, त्यात गतिरोधकावर हळू झालेली बस पण आहे आणि फाटक नसताना पळालेली पण. दोघेही खरंच सांगतायत. आणि मीटर फक्त पूर्ण किलोमीटर दाखवतं, म्हणून आपले ६० म्हणजे ५९ ते ६१ मधलं काहीही असू शकतं. मोठ्या अंतरात त्याने फार बिघडत नाही, पण १८ च्या तुकड्यात तो एक किलोमीटर जड जातो, ताशी ३६ च्या जागी ३४ किंवा ३८ पण असू शकेल. शाळेतल्या गणितात उत्तर नेहमी एकच आणि पक्कं असतं असं समजून मोठा झालेला माणूस आहे मी, त्यामुळे हे ऐकून जरा बरंच वाटलं.

(मध्येच एक शंका होती ती पण मिटली. गणितात वेग म्हणतात आणि विज्ञानात चाल, मला वाटायचं नुसता शब्दांचा घोळ आहे. लेक म्हणाली बाबा, विज्ञानात वेगाला दिशा लागते, आपण जिथून निघालो तिथेच परत आलो म्हणजे विस्थापन शून्य, म्हणून दिवसभराचा सरासरी वेग शून्य! एवढं फिरून शून्य. मी म्हटलं चाल बरी मग.)

आणि आता कालचा तुमचा नवा होमवर्क. थांब्याचा अर्धा तास धरला तर जाताना ६० किमीला दोन तास लागले, म्हणजे ताशी ३०. तर येताना बस किती जोरात आणली असती तर जाऊन-येऊन सरासरी ६० झाली असती?

मी यावेळी सावध होतो बाई. लगेच बोललो नाही. मनातल्या मनात ३० आणि ९०, निम्मे ६०, असं आलं होतं, पण आता मला मतांचं माहीत होतं ना, म्हणून कागद घेतला. ९० ने परत आले तर ४० मिनिटं, एकूण दोन तास चाळीस मिनिटं, १२० ला तेवढ्याने भागलं तर ताशी ४५. म्हणजे अजून जोरात हवं. १२० ने धरलं, अर्धा तास, एकूण अडीच, ताशी ४८. म्हटलं अजून वाढवू. २४० धरलं, बस आहे का विमान ते सोडा, पंधरा मिनिटं, सव्वादोन तास, ५३ आणि काहीतरी. लेक शांतपणे बघत होती. शेवटी तीच म्हणाली, बाबा आधी हे सांगा, १२० किमी ताशी ६० ने जायला किती वेळ लागतो?

दोन तास.

आणि जातानाच किती गेले?

दोन तास.

परत यायला एक मिनिटही शिल्लक नाही. वहीत तिने "शक्य नाही" लिहिलं आणि खाली कारण लिहिलं. मी खाली फक्त सही केली आहे, शेरा काही मारलेला नाही, बघून घ्या.

तुमचा,
५० वाला पालक